कंजेशन चार्ज आणि युलेझ एक नव्हे: लंडनबाहेर गाडी लावणाऱ्यांनी आधी हे बघा

"लंडनात गाडी नेली की अठरा पौंड, आणि बाहेरच्या स्टेशनवर लावून ट्यूबनं गेलं की काहीच नाही." हे वाक्य मी बेळगावात इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता ऐकवत नाही. पहिला अर्धा भाग बहुतेक वेळा बरोबर असतो, पण दुसरा अर्धा जुन्या डिझेल गाडीवाल्यांना सरळ दंडात घालतो. आपल्याकडची पोरं तिकडं लेस्टर, कॉव्हेंट्री, मिल्टन कीन्सला नोकरीला असतात, उन्हाळ्यात आई-बाबा जातात, मग एका शनिवारी "चला, लंडन दाखवतो" म्हणून स्वस्तात घेतलेली सेकंडहँड डिझेल बाहेर निघते आणि हा घोळ तिथंच होतो.

कंजेशन चार्ज सगळ्यांना माहीतच आहे म्हणून पटकन सांगतो. २००३ पासून आहे, लंडनच्या अगदी मधल्या तुकड्यात, साधारण २१ चौरस किलोमीटर. सोमवार ते शुक्रवार सकाळी ७ ते संध्याकाळी ६, शनिवार-रविवारी दुपारी १२ ते ६. जानेवारी २०२६ पासून दिवसाला १८ पौंड. गाडी नवी का जुनी, पेट्रोल का डिझेल, त्याला देणंघेणं नाही, त्या वेळेत त्या भागात चाललात की पैसे. इलेक्ट्रिकला माफ आहे असं अजून कुणी सांगत असेल तर ते डिसेंबर २०२५ ला संपलं, आता ऑटो पे लावलं तर पाव भाग सूट मिळते एवढंच. आणि दिल्लीच्या सम-विषमशी याचा काही संबंध नाही, नंबर फक्त कॅमेऱ्यानं गाडी ओळखायला वाचला जातो, शेवटचा आकडा कुठलाही असू दे.

आता युलेझ. हा गाडीच्या धुरावरचा चार्ज आहे, दिवसाला साडेबारा पौंड, चोवीस तास, शनिवार-रविवार धरून, सुट्टी फक्त नाताळच्या दिवशी. तुम्ही कुठं आणि कधी गर्दी करताय हे तो बघत नाही, तुमची गाडी काय आहे एवढंच बघतो. पेट्रोल गाडी युरो ४ असली, म्हणजे साधारण २००६ नंतरची, तर काही नाही. डिझेल मात्र युरो ६ लागते, म्हणजे साधारण सप्टेंबर २०१५ नंतरची, आपल्या बीएस ६ च्या जातीची. म्हणजे २०१० ची पेट्रोल बिनधास्त फिरते आणि तिच्यापेक्षा नवी असलेली २०१३ ची डिझेल पैसे भरते, हे लोकांना पटतच नाही. गाडी गेल्याच महिन्यात एमओटी, म्हणजे तिथली दरवर्षीची गाडीतपासणी, पास झालीय, धूर दिसतच नाही, हे सगळं खरं असलं तरी इथं उपयोगाचं नाही, कागदावर युरो कितीची नोंद आहे तेच चालतं.

पण खरी मेख नकाशात आहे. युलेझ २०१९ मध्ये सुरू झालं तेव्हा कंजेशन चार्जच्याच हद्दीत होतं, त्यामुळं तेव्हा दोन्ही एकच समजलं तरी फार बिघडत नव्हतं. २०२१ ला ते वाढलं आणि २९ ऑगस्ट २०२३ पासून अख्ख्या ग्रेटर लंडनला लागू झालं, म्हणजे दीड हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. लोकांच्या डोक्यातला नकाशा मात्र २०१९ चाच आहे.

आता हे एका उदाहरणात बघा. लेस्टरहून शनिवारी निघालात, गाडी २०१३ ची डिझेल, युरो ५. एम-वन नं खाली आलात आणि कुणीतरी सांगितल्याप्रमाणं स्टॅनमोरला गाडी लावली. ज्युबिली लाइनचं शेवटचं स्टेशन, मोठं पार्किंग, तिथनं वेस्टमिन्स्टरला थेट ट्यूब, सल्ला ऐकायला एकदम झकास. पण स्टॅनमोर हॅरो बरोमध्ये येतं आणि हॅरो ग्रेटर लंडनमध्ये, म्हणजे स्टेशनच्या पार्किंगला पोचेपर्यंत तुम्ही युलेझमध्ये शिरलेला असता. कंजेशन चार्जचे १८ वाचले हे खरं, पण साडेबारा लागलेच, वर पार्किंग आणि ट्यूबचं तिकीट वेगळं. हीच डिझेल दुपारी दोनला वेस्टमिन्स्टरपर्यंत नेली असती तर दोन्ही मिळून साडेतीस. तीच गाडी २०१३ ची पेट्रोल असती तर स्टॅनमोरला शून्य आणि वेस्टमिन्स्टरला अठरा. म्हणून "स्टॅनमोरला लाव" हा सल्ला पेट्रोलवाल्यानं दिला तर त्याच्यापुरता बरोबर असतो, तो डिझेलवाल्यानं ऐकायचा नाही.

जुन्या डिझेलवाल्यानं ग्रेटर लंडनच्या हद्दीबाहेरचंच स्टेशन धरायचं, माझं यावर ठाम मत आहे. एम-वन नं येत असाल तर वॉटफर्ड जंक्शन, ते हार्टफर्डशरमध्ये आहे, तिथनं युस्टनला फास्ट गाडी वीसेक मिनिटांत पोचवते. केंब्रिजकडनं एम-इलेव्हननं येत असाल तर एपिंग, ते एसेक्समध्ये, सेंट्रल लाइन तिथंच सुरू होते. ट्यूबचं स्टेशन आहे म्हणजे लंडनच्या हद्दीतच असणार असं नसतं, आणि ट्यूबच्या लाइनचं शेवटचं स्टेशन म्हणजे हद्दीबाहेरच असंही नसतं, स्टॅनमोर आणि एपिंग दोन्ही शेवटची स्टेशनंच आहेत. एम-ट्वेंटीफाइव्ह रिंगरोडला युलेझ नाही, पण तो ओलांडून आत आलात की पाटी बघूनच पुढं जायचं.

दुसरी गोष्ट मध्यरात्रीची. युलेझचा दिवस रात्री बारा ते रात्री बारा. समजा हॅरोत मित्राकडं जेवायला गेलात, वेस्टमिन्स्टरचं तोंडही बघितलं नाही, गप्पा रंगल्या आणि साडेबाराला परत निघालात, तर दोन दिवसांचे पंचवीस पौंड. गाडी दिवसभर जागेवर उभी राहिली, हललीच नाही, तर त्या दिवसाचा चार्ज नाही. म्हणून मुक्काम करायचा तर गाडी हलवू नका, नाहीतर बाराच्या आत हद्दीबाहेर पडा.

पैसे भरताना आपल्या लोकांना टोलची सवय नडते. कोगनोळीला, हत्तरगीला नाका दिसतो, फास्टॅग वाजतो, पैसे गेले ते लगेच कळतं. तिथं नाका नाही, दांडा नाही, कुणी अडवत नाही, खांबावर कॅमेरा असतो आणि भरायचं तुम्ही आठवणीनं. दोन्हींना मुदत प्रवासाच्या दिवसानंतरच्या तिसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत, फक्त कंजेशन चार्ज त्याच दिवशी नाही भरला तर १८ चे २१ होतात. एक भरला म्हणजे दुसरा भरला असं नाही. चुकलं तर प्रत्येकाचा दंड वेगळा, १८० पौंड, चौदा दिवसांत भरला तर ९०. दंडाचं पत्र गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्या घरी पोस्टानं येतं, आणि ते येईपर्यंत मुदत कधीच संपलेली असते, म्हणून "दोन दिवस झाले, काही आलं नाही, म्हणजे सुटलो" असं धरून बसू नका.

निघायच्या आदल्या रात्री tfl.gov.uk वर गाडीचा नंबर टाकायचा, तुमच्या गाडीला कुठला चार्ज लागतो ते तिथं लगेच कळतं. कार भाड्यानं घेतली असेल तर ती बहुतेक नवी असते, युलेझचा प्रश्न येत नाही, पण कंजेशन चार्ज कोण भरणार ते गाडी ताब्यात घेतानाच विचारून घ्या, कारण राहिला तर दंड कंपनीकडं जातो आणि कंपनी तो आपली वेगळी फी लावून तुमच्या कार्डावरनं वसूल करते, तोवर तुम्ही बेळगावला परत आलेला असता.