शके अकराशे दहा, पण कोणाचे?

माझ्या एका विद्यार्थ्याने मुकुंदराजांच्या विवेकसिंधूच्या काळावर शोधनिबंध लिहिला होता. शेवटी तक्ता. भाषेच्या पुराव्याला दहापैकी सहा गुण, ग्रंथातल्या उल्लेखांना आठ, हस्तलिखितांना चार. बेरीज करून निकाल: बारावे शतक. तक्ता नीटनेटका होता, पण मला तो पटला नाही. हे तीन पुरावे एकाच प्रश्नाचे उत्तर देत नाहीत, मग त्यांची बेरीज कशी करायची?

गुणांचं नंतर बघू, आधी पोथी बघू, असं म्हणून आम्ही अंबाजोगाईतल्या एका घरी गेलो. घरच्या मावशींनी देवघरातलं लाल बासन सोडलं. आत विवेकसिंधूची पोथी, सुटी आडवी पानं, काळी शाई, दंड आणि ओव्यांचे आकडे हिंगुळाने तांबडे केलेले. "आमच्याकडे ही सात पिढ्यांची आहे," मावशी म्हणाल्या. शेवटच्या पानावर लेखकाने, म्हणजे नक्कल करणाऱ्याने, शक घातला होता: शके १६८८, व्ययनाम संवत्सर. खाली नेहमीचा श्लोक: यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया, जसं पुस्तक पाहिलं तसं मी लिहिलं, शुद्ध-अशुद्धाचा दोष माझा नाही.

शकाची पहिली परीक्षा कागद-पेन्सिलीवर होते. आपल्याकडे साठ संवत्सरांचं चक्र फिरतं, प्रभव पहिलं आणि क्षय साठावं. शकात बारा मिळवायचे, साठाने भागायचे, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. १६८८ अधिक १२ म्हणजे १७००. साठाने भागून बाकी २०. विसावं संवत्सर व्यय. जुळलं! विद्यार्थी खूश झाला. शके १६८८ म्हणजे इसवी सन १७६६.

मग मी एक पान खिडकीशी उजेडात धरलं. हातकागद उजेडात धरला की चाळणीच्या काड्यांच्या रेषा दिसतात, कुठे जाड कुठे पातळ. दौलताबाद-खुलताबादच्या मधल्या कागजीपुऱ्यात असा कागद पिढ्यान्‌पिढ्या होत आला. पण या पानात रेषांच्या जोडीला एक जलचिन्ह होतं आणि त्यात आकडा: इंग्रजी १८३८. विलायती कागद. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तिकडच्या गिरण्या जलचिन्हात साल घालू लागल्या होत्या. १८३८ सालच्या कागदावर १७६६ साली कोणी लिहिणार नाही.

मावशींच्या पोथीत कोणी खोटेपणा केला होता असं नाही. एका लेखकाने १७६६ मध्ये नक्कल केली आणि शेवटी शक घातला. १८३८ नंतर दुसऱ्याने त्या नकलेची नक्कल केली, आणि 'जसं पाहिलं तसं' या वचनाला इतका जागला की आधीच्या लेखकाचा शकही उतरवून घेतला. संवत्सर जुळलं ते पहिल्या लेखकाचं. पोथी मात्र दुसऱ्याची. हस्तलिखिताचा पुरावा सांगतो तो एवढाच: ग्रंथ या तारखेच्या आधीचा आहे. किती आधीचा, ते कागद सांगू शकत नाही.

आता ग्रंथातल्या उल्लेखांकडे वळू. विवेकसिंधूच्या काळासाठी नेहमी दिली जाते ती ओवी: शके अकराशें दाहोत्तरु । साधारण संवत्सरु । राजा शारंगधरु । राज्य करी. शके १११०, म्हणजे ११८८. ज्ञानेश्वरीच्या एकशे दोन वर्षं आधी. यावरून मुकुंदराज मराठीचे आद्यकवी ठरतात आणि अंबाजोगाईला अभिमानाची गोष्ट मिळते. पण तीच परीक्षा लावून बघा. १११० अधिक १२, ११२२, साठाने भागून बाकी ४२. बेचाळिसावं कीलक. साधारण चव्वेचाळिसावं, ते शके १११२ मध्ये पडतं. दोन वर्षांचा फरक.

तुलनेला पैठणचं उदाहरण घ्या. नाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली त्याची ओवी: शके पंधराशें साहोत्तरीं । तारणनाम संवत्सरीं । एकाजनार्दनें अत्यादरीं । गीता-ज्ञानेश्वरी प्रतिशुद्ध केली. १५०६ अधिक १२, १५१८, बाकी १८. अठरावं तारण. नेमकं. कोणी डोळे मिटून संवत्सर घातलं असतं तर ते जुळायची शक्यता साठात एक. म्हणजे ही ओवी लिहिणाऱ्याला ते वर्ष ठाऊक होतं.

म्हणून मुकुंदराजांची ओवी खोटी का? नाही, आणि इथेच घाई होते. पंचांग हाताशी असलेला नंतरचा माणूससुद्धा तारीख अचूक जुळवून लिहू शकतो, आणि कवीच्या काळचा खरा आकडा नकलेत बिघडू शकतो. संवत्सर न जुळणं हा ओवीवरचा संशय आहे, निकाल नाही. तो संशय वाढवणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत. ही ओवी सगळ्या पोथ्यांत येत नाही. आणि ग्रंथात आश्रयदाता म्हणून येणारा जैतपाळ हा बल्लाळाचा मुलगा म्हटला आहे, तर देवगिरीच्या यादवांतला जैत्रपाळ हा पाचव्या भिल्लमाचा मुलगा. नाव सारखं, बाप वेगळा. हा जैतपाळ एखादा स्थानिक सरदार असू शकेल, पण मग त्याच्यावरून तारीख ठरवता येत नाही.

आणखी एक गंमत सांगतो, अंबाजोगाईकरांनी रागावू नये. ग्रंथात वैनगंगेच्या तीरावरची मनोहर अंबानगरी येते. आपल्याकडे मुकुंदराजांची समाधी आहे, जयंती नदीही आहे, पण वैनगंगा नाही. ती विदर्भात, आणि तिच्या काठी भंडाऱ्याकडे आंभोरा आहे. तिथलेही लोक मुकुंदराज आपलेच म्हणतात.

राहिली भाषा. विद्यार्थ्याने जुन्या रूपांची यादी करून सहा गुण दिले होते. यादी चुकीची नव्हती. यादवकालीन मराठीत पुल्लिंगी नामाच्या शेवटी 'उ' येतो, क्रियापदांना 'कीजे', 'बोलिजे' अशी रूपं होतात, तृतीयेला नुसता 'एं' लागतो. ज्ञानेश्वरीच्या दुसऱ्या ओवीत यातला 'उ' तीनदा सापडतो: देवा तूंचि गणेशु । सकलमतिप्रकाशु । म्हणे निवृत्तिदासु । अवधारिजो जी. पण नक्कल करणारा हीच रूपं सहज बदलू शकतो. गणेश, प्रकाश, दास असं केलं तरी यमक टिकतं, म्हणजे ओवी स्वतःचं रक्षण करत नाही. जिथे बदल केला की यमक मोडतं, तिथे जुनं रूप जिवंत राहतं. ज्ञानेश्वरीच्या समाप्तीत 'बारोत्तरें', 'ज्ञानेश्वरें', 'आदरें' अशी यमकं आहेत. तिथे कोणी 'ज्ञानेश्वराने' घातलं तर ओवी लंगडते आणि लबाडी उघडी पडते. म्हणून भाषेवरून काळ ठरवताना सगळ्या शब्दांना सारखं वजन द्यायचं नसतं. यमकात अडकलेली रूपं आधी मोजायची, मोकळी नंतर.

मावशींच्या पोथीत आम्ही पन्नास ओव्या अशाच तपासल्या. चरणाच्या मधल्या शब्दांत नव्या मराठीचा 'नें' जागोजाग दिसला. यमकात मात्र 'एं' टिकून होता. म्हणजे या पोथीची भाषा दोन काळांची आहे: वरचा थर लेखकांचा, खालचा ग्रंथाचा. विद्यार्थ्याच्या यादीत दोन्ही थर मिसळले होते.

दुसरा घोटाळा यापेक्षा खोल आहे. जुनी मराठी कशी होती हे आपल्याला कळतं कशावरून? बऱ्याच अंशी ज्ञानेश्वरीवरून. आणि ज्ञानेश्वरीची जुनी रूपं कोणती हे ठरतं तिच्या पोथ्यांवरून. ग्रंथ शके १२१२ चा, नाथांनी तो शुद्ध केला शके १५०६ मध्ये. मधल्या २९४ वर्षांत पाठ बिघडले होते म्हणूनच नाथांना ते काम करावं लागलं. ज्ञानेश्वरीत नवी ओवी घालणाऱ्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली, अशी तंबी त्यांनी दिली ती उगाच नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी बीडकडे मिळालेली पोथी १९०९ साली छापली. ती नाथांच्या आधीची आहे असं त्यांचं म्हणणं होतं, आणि तिच्या आधाराने त्यांनी ज्ञानेश्वरीच्या मराठीचं व्याकरण लिहिलं. काम मोठंच. पण पोथी जुनी का, तर तिची भाषा जुनी म्हणून, आणि ती भाषा जुनी का, तर ती या पोथीत आहे म्हणून, असा फेरा धरला तर आपण जागच्या जागी फिरत राहतो.

फेरा मोडायचा तर पोथीबाहेरचं, नक्कल न होणारं काहीतरी लागतं, म्हणजे दगड. पंढरपूरचा चौऱ्यांशीचा शिलालेख रामदेवराय यादवाच्या काळातला, ज्ञानेश्वरीच्या थोडा आधी सुरू झालेला. त्यातली रूपं कोणी पुन्हा लिहून नवी केलेली नाहीत. भाषेचा जुनेपणा आधी अशा दगडाशी ताडून घ्यायचा, मग पोथीला लावायचा. विद्यार्थ्याने शिलालेख एकही घेतला नव्हता. त्याचे सहा गुण मी त्यामुळेच कापले, जुनी रूपं कमी सापडली म्हणून नाही.

विवेकसिंधूची आणखी एक अडचण. तो शांकर वेदान्त समजावून सांगणारा ग्रंथ. ब्रह्म, माया, अविद्या, जीव हे शब्द संस्कृतातून जसेच्या तसे येतात, आणि असे शब्द बाराव्या शतकात आणि सोळाव्या शतकात सारखेच दिसतात. यादवांचं राज्य १३१८ च्या सुमारास संपल्यावर फारसी शब्द मराठीत वाढत गेले, तेव्हा त्यात फारसी नाही म्हणून ग्रंथ त्याआधीचा, असा युक्तिवाद केला जातो. पण वेदान्तावर लिहिणाऱ्याला 'जमीन' किंवा 'शिपाई' लिहायची वेळ येते कुठे? फारसी शब्द असणं काही सांगतं, आणि तेही तो शब्द यमकात असेल तर. नसणं फार थोडं सांगतं.

आता तक्त्याऐवजी काय लिहायचं, हे विद्यार्थ्याने विचारलं. मी म्हटलं, प्रत्येक पुराव्यापुढे गुण नको, वाक्य लिही. पोथ्या म्हणतात: ग्रंथ या सालाच्या आधीचा. यमकात टिकलेली भाषा म्हणते: पाठाचा खालचा थर साधारण अमुक शिलालेखांच्या काळाशी मिळतो किंवा मिळत नाही. शकाची ओवी म्हणते: ग्रंथ शके १११० चा, पण संवत्सर दोन वर्षांनी चुकतं आणि ही ओवी काही पोथ्यांत नाही. ही वाक्यं एकमेकांवर ठेवून जो पट्टा उरेल तो काळ. विवेकसिंधूचा पट्टा रुंद निघतो. एक साल छापून टाकायला तो पुरत नाही. ज्ञानेश्वरीचं तसं नाही, तिथे शकाच्या ओवीला अठराव्या अध्यायाच्या अखेरीतल्या यदुवंशीय श्रीरामचंद्राच्या उल्लेखाची जोड आहे, आणि रामचंद्र १२७१ ते १३११ राज्यावर होता. शके १२१२ म्हणजे १२९०, त्या चौकटीत बसतं.

निघताना मावशींनी पोथी बासनात गुंडाळली आणि विचारलं, "मग सर, आमची पोथी किती जुनी?" कागदाचं साल सांगितलं तर त्यांचं मन खट्टू होईल असं वाटलं, तरी सांगितलं. त्यांनी बोटांवर मोजलं. "म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या आज्याच्या वेळची. तेच लिहायचे म्हणे, पैठणहून आलेले." त्या आज्यांच्या हाताचं दुसरं काही, एखादा जमाखर्च किंवा जुनं पत्र, घरात आहे का, असं मी विचारलं. माळ्यावरची ट्रंक बघते म्हणाल्या.