भूकंपाने वायू गळला तरी कंपनी सुटत नाही

“टाकी बाहेरच्या कुणी फोडली किंवा भूकंपात फुटली, तर कंपनीला भरपाई द्यावी लागत नाही ना?”

घातक कारखान्याला भारतात ही सवलत नाही. ती इंग्लंडच्या 1868 च्या रायलँड्स खटल्यातल्या ‘कठोर दायित्वा’ची आहे. तिथे तलावाचं पाणी खाणकामाच्या जुन्या, बुजवलेल्या उभ्या भुयारांतून शेजाऱ्याच्या कोळसा खाणीत शिरलं. चूक नसली तरी भरपाई द्यायची, हे तिथं ठरलं. पण दैवी आपत्ती, तिऱ्हाइताचं कृत्य, पीडिताची स्वतःची चूक किंवा संमती, कायद्याने दिलेला अधिकार, हे अपवाद मान्य झाले.

4 डिसेंबर 1985 ला दिल्लीत श्रीराम कारखान्यातली ओलियमची, म्हणजे अतितीव्र गंधकाम्लाची, टाकी ती ज्यावर उभी होती तो सांगाडाच कोसळल्याने फुटली. त्यावर डिसेंबर 1986 मध्ये सरन्यायाधीश भगवतींच्या पीठाने ‘निरपेक्ष दायित्व’ सांगितलं: यातला एकही अपवाद चालणार नाही, आणि कंपनी जितकी मोठी तितकी भरपाई जास्त. मला हे अगदी न्याय्य वाटतं. शेजारच्या वस्तीला टाकीच्या आत काय चाललंय ते कसं कळणार?

मात्र इजा त्याच वायूने झाली हे पीडितालाच दाखवावं लागतं. म्हणून त्याच दिवशीचा दवाखान्याचा कागद जपून ठेवा.