गुडघ्यावरची वाढपट्टी मोडते तेव्हा

एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतली पोरे चालत्या घोडागाडीच्या मागे लोंबकळत जायची. त्यात कधी एखाद्याचा पाय चाकाच्या आऱ्यांत सापडे. चाक फिरतच राही आणि गुडघा उलट्या बाजूला, म्हणजे पुढे, ओढला जाई. अशा वेळी मांडीचे हाड मधोमध मोडत नसे. गुडघ्यालगतचे त्याचे टोक अख्खे सुटून पुढे सरके आणि वरच्या भागाचे तुटलेले तोंड मागे जाऊन गुडघ्याच्या लवणीतल्या मुख्य रोहिणीवर दाब आणी. पाय थंड पडे, पुष्कळदा कापावा लागे. ‘चाकात अडकल्याची दुखापत’ म्हणूनच ती शल्यविशारदांच्या ओळखीची झाली. ज्यांचा पाय वाचे, त्यांच्यातल्या काहींचा तो पुढच्या काही वर्षांत आखूड किंवा वाकडा होत जाई.

तो का होतो, याचे अर्धे उत्तर तेव्हा शंभरेक वर्षांपासून हाताशी होते. १७२७ साली स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने कोंबडीच्या वाढत्या पिलाच्या पायाच्या हाडाला अर्ध्या इंचाच्या अंतरावर दोन भोके पाडली. दोन महिन्यांनी पाहिले तर हाड इंचभर वाढले होते, पण दोन भोकांमधले अंतर होते तेवढेच. म्हणजे हाड मधून ताणले जात नाही, ते टोकांकडे वाढते. ही वाढ होते ती टोकाजवळच्या कूर्चेच्या पातळ पट्टीत, जिला आपण आज ग्रोथ प्लेट म्हणतो. तिच्या सांध्याकडच्या थरात पेशी नव्याने तयार होतात, मग त्या फुगतात आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्या जागी हाड बनते. फुगलेल्या पेशींचा थर सगळ्यांत कच्चा, म्हणून पट्टी बहुतेकदा तिथेच फाटते. पेशी तयार करणारा थर त्यात सहसा शाबूत राहतो.

क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. लंडनचे जॉन पोलंड यांनी १८९८ मध्ये या दुखापतींवर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि त्यांचे चार प्रकार पाडले. आज सगळीकडे वापरली जाणारी वर्गवारी मात्र १९६३ ची, टोरांटोच्या रॉबर्ट सॉल्टर आणि रॉबर्ट हॅरिस यांची. पहिल्या प्रकारात टोक पट्टीतून सरळ सुटते. दुसऱ्यात सुटताना वरच्या हाडाचा एक त्रिकोणी तुकडा सोबत घेऊन येते. तिसऱ्या-चौथ्यात चीर पट्टी ओलांडून सांध्यापर्यंत जाते आणि पाचव्यात पट्टी चिरडली जाते. पहिले दोन प्रकार सौम्य, वाढीला धोका कमी, असे या वर्गवारीबरोबर शिकवले गेले. मनगटापुरते ते बऱ्याच अंशी खरे आहे. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला मात्र ते लागू पडत नाही, आणि आई-वडिलांना ‘दोन नंबरचं फ्रॅक्चर आहे, काळजी नको’ असे सांगितले जाते तेव्हा हीच गोष्ट निसटते. या जागी वाढीत बिघाड होण्याचे प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत निम्म्याच्या आसपास आले आहे, आणि त्यात दुसऱ्या प्रकाराची मुलेही आहेत.

कारण पट्टीच्या आकारात आहे. मनगटाजवळची पट्टी बरीचशी सपाट असते. गुडघ्यावरची अंड्यांच्या ट्रेसारखी उंचसखल असते. एरवी ही रचना टोकाला घसरू देत नाही. पण जोर एवढा असेल की ते सरकलेच, तर चीर कच्च्या थरातून सरळ जाऊ शकत नाही. उंचवटे आड येतात, घासतात, तुटतात आणि पेशी तयार करणाऱ्या थरालाही इजा होते. तिथे कूर्चेऐवजी हाड भरते आणि वरच्या-खालच्या हाडांना जोडणारा पूल तयार होतो. पूल मध्यभागी असेल तर पाय मुख्यतः आखूड होतो. कडेला असेल तर ती कड अडते, समोरची वाढत राहते आणि पाय वाकतो.

किती आखूड, याचा ढोबळ हिशेब मेलबर्नच्या माल्कम मेनेलॉस यांनी १९६६ मध्ये मांडला. मांडीच्या हाडाचे खालचे टोक वर्षाला साधारण ९ मिलिमीटर वाढते, मुलींची वाढ चौदाव्या आणि मुलांची सोळाव्या वर्षी थांबते असे धरायचे. समजा, अकरा वर्षांचा मुलगा सायकलवरून पडला आणि दुसऱ्या प्रकारचे फ्रॅक्चर झाले. पट्टी पूर्ण बंद पडली तर पाच वर्षांची वाढ गेली, म्हणजे ४५ मिलिमीटर. तेच चौदा वर्षांच्या मुलाला झाले तर १८ मिलिमीटर, जे बुटाच्या उंचवट्यावर निभावते. म्हणून डॉक्टर जन्मतारखेबरोबर हाताचा एक्स-रे काढून हाडांचे वयही पाहतात.

आता या अकरा वर्षांच्या मुलाच्या एक्स-रेत त्रिकोणी तुकडा बाहेरच्या बाजूला आहे असे धरू. त्या तुकड्याखालची पट्टी सहसा वाचते, कारण चीर तिथे पट्टी सोडून वर हाडात गेलेली असते. धोका आतल्या बाजूला. हाड भूल देऊन एकदाच, ओढ देऊन हलक्या हाताने बसवायचे. पुन्हा पुन्हा दाबून बसवले तर पट्टी आणखी खरवडली जाते, आणि आठ-दहा दिवसांनंतर तर जोर लावणे टाळतातच. मालीश करून हाड बसवून घ्यायला नेणे इथे विशेष घातक. तुकडा मोठा असेल तर स्क्रू पट्टीच्या वर, हाडातच घालतात. पट्टी ओलांडावीच लागली तर आटे नसलेली गुळगुळीत तार वापरतात आणि काही आठवड्यांनी काढतात.

प्लास्टर निघते, मुलगा पळू लागतो आणि घरचे दवाखाना विसरतात. खरी तपासणी इथून पुढे असते. दुखापतीच्या काळात वाढ मंदावल्याची एक पांढरी आडवी रेघ हाडात उमटते. सहा महिन्यांनी दोन्ही पायांचा एक्स-रे काढला की ही रेघ पट्टीपासून दूर गेलेली आणि तिला समांतर दिसली पाहिजे. आपल्या मुलाची रेघ बाहेरच्या बाजूला दूर गेली आहे, पण आत पट्टीला जाऊन टेकली आहे. पूल तिथेच. पाय धनुष्यासारखा बाहेर वाकल्याचे डोळ्यांना दिसण्याआधी ही तिरपी रेघ ते सांगते.

पुलाचे क्षेत्रफळ एमआरआयवर मोजतात. हेलसिंकीचे अँडर्स लांगेनशॉल्ड यांनी १९६० च्या दशकात पूल कोरून काढून त्या पोकळीत रुग्णाचीच चरबी भरायला सुरुवात केली, म्हणजे हाड पुन्हा जोडले जात नाही. पूल पट्टीच्या निम्म्याहून कमी आणि वाढीची किमान दोन वर्षे शिल्लक असतील तरच यातून काही हाती लागते. या मुलाकडे साडेचार वर्षे आहेत, म्हणून करण्यासारखे आहे. पूल मोठा असता तर उरलेली पट्टीही बंद करून वाकणे थांबवावे लागले असते. मग उंचीची तफावत भरायला दुसऱ्या पायाची पट्टी वेळ साधून बंद करायची, जे शिकागोच्या फेमिस्टर यांनी १९३३ मध्ये दाखवले, किंवा आखूड पाय इलिझारोव्ह पद्धतीने लांबवायचा. लांबवताना हाड कापून पायाभोवती बसवलेल्या चौकटीने दिवसाला सुमारे १ मिलिमीटर ताणतात, आणि ते पक्के होईपर्यंत ती चौकट कित्येक महिने पायावर राहते.

पूल काढलेली पट्टीही पूर्वीसारखी होतेच असे नाही. ती काही काळ वाढून दुसऱ्या पायाच्या आधी बंद पडू शकते. त्यामुळे अशा मुलाचे एक्स-रे वाढ पूर्ण थांबेपर्यंत, म्हणजे सोळा वर्षांचा होईपर्यंत, दर सहा महिन्यांनी काढत राहावे लागतात.