खरचटलं की लगेच ट्यूब?

निपाणी, चिकोडी किंवा खानापुरातल्या कुठल्याही मेडिकलमध्ये जाऊन "खरचटलंय, काहीतरी द्या" म्हटलं, की बहुतेक वेळा अँटिबायोटिकची ट्यूब हातात पडते. साध्या जखमेला तिची गरज असतेच असं नाही. आणि जेव्हा गरज पडते, तेव्हा नेमकी कुठली ट्यूब, किती दिवस, हे सहसा कुणी सांगत नाही.

एक उदाहरण घेऊ. खानापूरकडचा आठ वर्षांचा मुलगा पावसात सायकलवरून पडला आणि जांभ्याच्या रस्त्यावर गुडघा सोलवटून घेतला. पहिलं काम वाहत्या नळाखालचं. पाच-दहा मिनिटं पाणी सोडायचं, भोवतीची कातडी साबणानं धुवायची आणि आत रुतलेली खडी, माती ओल्या कापडानं हळूच काढायची. ती तशीच राहिली तर जंतूंना आसरा मिळतोच, शिवाय कातडीखाली कायमचा काळा डागही पडू शकतो. पिण्याजोगं स्वच्छ पाणी असेल तर सलाइनचा आग्रह नको, दोन्हींनी संसर्गाच्या प्रमाणात फरक पडत नाही. स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं तर जंतूंबरोबर नव्यानं वाढणाऱ्या पेशीही मरतात. रक्त थांबवायला तंबाखू किंवा चुना दाबायची सवय आपल्याकडे अजून आहे. तीही सोडलेली बरी. स्वच्छ कापडानं पाच-दहा मिनिटं दाबून धरलं की रक्त थांबतं.

मग साध्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर आणि वर पट्टी, रोज बदलायची. जखम उघडी ठेवली की लवकर वाळते आणि बरी होते, असं घरोघरी सांगतात. पण १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवर दाखवलं, की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी जवळपास दुप्पट वेगानं चढते, कारण पेशींना कोरड्या खपलीखालून वाट काढावी लागत नाही. ट्यूब लावल्यावर जखम छान भरल्यासारखी वाटते, त्याचं बरंचसं श्रेय तिच्यातल्या मलमाच्या स्निग्धपणाचं असतं. १९९६ साली अमेरिकेत ९२२ रुग्णांच्या कातडीवरच्या छोट्या शस्त्रक्रियांनंतर साधी व्हॅसलिन आणि बॅसिट्रॅसिन हे अँटिबायोटिक मलम यांची तुलना झाली. संसर्ग दोन्हींकडे दोन टक्क्यांच्या आतबाहेरच राहिला, त्यातला फरक ठोस म्हणण्याजोगा नव्हता. मात्र मलमाची अ‍ॅलर्जी चौघांना झाली, व्हॅसलिनची कुणालाच नाही. त्या जखमा दवाखान्यातल्या निर्जंतुक होत्या हे खरं. शेतातल्या जखमेला म्हणूनच धुणं जास्त महत्त्वाचं.

आता समजा, चौथ्या दिवशी त्याच गुडघ्याच्या कडेला मधासारखी पिवळट खपली धरली आणि नाकाखाली तशाच दोन पुळ्या आल्या. हा इम्पेटिगो. तो बहुधा स्टॅफिलोकॉकस नावाच्या जंतूमुळे होतो आणि दमट हवेत मुलांमध्ये झपाट्यानं पसरतो. डाग मोजके असतील, ताप नसेल, तर इथे ट्यूबला खरंच अर्थ आहे. डॉक्टरांना दाखवून दोन टक्क्यांचं म्युपिरोसिन मलम दिवसातून दोन-तीनदा, पाच दिवस. आधी कोमट साबणपाण्यानं खपली मऊ करून काढायची, नाहीतर औषध वरच्यावरच राहतं. नखं कापायची, टॉवेल वेगळा ठेवायचा. दोन टक्क्यांचं फ्युसिडिक अ‍ॅसिड क्रीमही चालतं, पण त्याला न जुमानणारे जंतू लवकर तयार होतात. युरोपात तर असा एक इम्पेटिगोचा जंतूच पसरला होता. म्युपिरोसिनही उधळून चालत नाही, कारण शस्त्रक्रियेआधी नाकातला हट्टी स्टॅफिलोकॉकस घालवायला डॉक्टरांना तेच लागतं.

दोन-तीन दिवसांत फरक नाही, डाग वाढत चालले, घरातल्या तीन-चार मुलांना झालं, तर ट्यूब पुरत नाही, पोटातून औषध लागतं. जखमेभोवती लाली दिसली की तिच्या कडेला बॉलपेननं रेघ मारा. लाली रेघ ओलांडून पुढे गेली, ताप आला किंवा पायावर लाल पट्टा चढताना दिसला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गळू झालं असेल तर पू काढावा लागतो, मलम आत पोचत नाही.

ऊसतोडीत कोयता लागला, मातीत पाय कापला, तर प्रश्न वेगळा. धनुर्वातावर कुठलीच ट्यूब चालत नाही. जखम मळकट किंवा खोल असेल आणि शेवटचं धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं उलटली असतील, तर नवं घ्यावं लागतं.

आणि ट्यूब घेताना मागची बारीक अक्षरं वाचा. फ्युसिडिक अ‍ॅसिडच्या जोडीला बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलेलं असेल, तर ते स्टिरॉइड आहे. त्यानं लाली आणि खाज दबते, त्यामुळे दोन दिवस बरं वाटतं, पण आतला संसर्ग तसाच पुढे सरकतो. उघड्या जखमेवर तसली ट्यूब मुळीच लावू नका, दुकानात परत करून नुसतं म्युपिरोसिन किंवा नुसतं फ्युसिडिक अ‍ॅसिड मागा.