कवितेतील सिनेक्डकी आणि मेटॉनिमी

एखाद्या गोष्टीचा थेट उल्लेख न करता तिच्या एका भागाने किंवा तिच्याशी निगडित असलेल्या वस्तूने तिचा बोध करून देण्याच्या दोन भाषिक रीती. भाग सांगून पूर्ण सुचवणे, किंवा उलट पूर्ण सांगून भाग सुचवणे, ही सिनेक्डकी. ‘हात’ म्हणून काम करणारा माणूस अभिप्रेत असतो तेव्हा ती घडते. वस्तू मूळ गोष्टीचा भाग नसून तिच्या सोबतीची असेल, तर ती मेटॉनिमी. ‘मुकुट’ म्हटल्यावर राजसत्ता समजते, पण मुकुट हा राजाचा अवयव नव्हे. ‘चूल’ मात्र दोन्हीकडे बसते. घर म्हणजे वास्तू धरली तर चूल तिचा भाग आहे; घर म्हणजे कुटुंब धरले तर ती त्याच्या सोबतीची वस्तू आहे. अशी सीमेवरची उदाहरणे भरपूर सापडतात. भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन यांनी 1956 साली रूपक आणि मेटॉनिमी असे भाषेचे दोन ध्रुव मांडले, तेव्हा सिनेक्डकीला मेटॉनिमीच्याच बाजूला ठेवले. कविता वाचताना ही विभागणी काटेकोर पाळण्याने फारसे काही हाती लागत नाही. कवीने नेमका कोणता भाग उचलला आणि कोणता वगळला, हे पाहणे जास्त फलदायी ठरते.

भारतीय काव्यशास्त्रात हा विषय लक्षणा या शब्दशक्तीखाली येतो. अकराव्या शतकातील मम्मटाने ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात लक्षणेसाठी तीन गोष्टी आवश्यक मानल्या: शब्दाचा मुख्य अर्थ जुळू नये, नव्या अर्थाचा मुख्य अर्थाशी काही संबंध असावा, आणि त्यामागे रूढी किंवा प्रयोजन असावे. ‘भाले आत शिरत आहेत’ हे त्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. भाले आपण होऊन चालत नाहीत, म्हणून भालेधारी माणसे असा अर्थ घ्यावा लागतो. तो घेतानाही भाले नजरेआड होत नाहीत, ते माणसांबरोबर आत येतातच. मूळ अर्थ न सोडता जादा अर्थ पदरात घेणाऱ्या या प्रकाराला उपादानलक्षणा म्हणतात. संबंध साम्याचा असेल तर ती गौणी लक्षणा, म्हणजे रूपकाचे क्षेत्र. साम्याहून वेगळा असेल तर शुद्धा. मालक आणि मालकीची वस्तू, अवयव आणि अवयवी, कारण आणि कार्य हे संबंध शुद्धेत येतात. सिनेक्डकी आणि मेटॉनिमी यांची जागा मुख्यतः तिथेच आहे.

रूपकापासून त्या वेगळ्या कशा ओळखायच्या, याची सोपी कसोटी म्हणजे ‘सारखा’ हा शब्द घालून पाहणे. ‘मुखचंद्र’ उलगडला तर ‘चंद्रासारखे मुख’ होते. ‘मुकुटासारखा राजा’ किंवा ‘चुलीसारखे कुटुंब’ असे मात्र कोणी म्हणणार नाही. तिथे नाते शेजाराचे आहे, साम्याचे नाही.

हाताचे उदाहरण जरा सविस्तर पाहण्यासारखे आहे. नारायण सुर्वे यांच्या एका कवितेत ‘हे हात माझे सर्वस्व, दारिद्र्याकडे गहाणच राहिले’ अशी ओळ आहे. हात गहाण टाकता येत नाही. मुख्य अर्थ इथे अडतो आणि हाताच्या जागी श्रम, श्रमाच्या जागी तो करणारा माणूस उभा राहतो. पण माणूस येताना सगळाच्या सगळा येत नाही. ‘मी गहाण राहिलो’ असे म्हटले असते तर स्वप्ने, आठवणी, नातीगोती सगळेच गहाण पडले असते. ‘हात’ म्हटल्याने नेमके तेवढेच पुढे येते, ज्याचा बाजारात भाव होतो. आणि त्यालाच ‘सर्वस्व’ म्हटले आहे, म्हणजे विकण्याजोगे आहे त्यापलीकडे या माणसाजवळ काही उरलेले नाही. पुढच्याच ओळीत हेच हात कधी माना उंचावलेले, तर कधी कलम झालेले दिसतात. अवयव तोच, पण त्यामागचा पूर्ण बदलत गेला: आधी श्रम, मग उठाव, मग शिक्षा. माणसाच्या आयुष्यातली ही तीन वळणे कवीने कर्ता न बदलता दोन ओळींत बसवली, ती हाताच्या जोरावर.

बहिणाबाई चौधरींच्या ओळींत हात वेगळ्या रीतीने काम करतो. संसाराला चुल्ह्यावरच्या तव्याची उपमा देऊन त्या म्हणतात, ‘आधी हाताला चटके, तंव्हा मिळते भाकर’. इथे मुख्य अर्थ कुठेच अडत नाही. तव्याशी काम करताना हात खरोखरच भाजतो. मम्मटाची पहिली अट पुरी होत नाही, म्हणून शास्त्रानुसार ही लक्षणा नव्हे. हातामागचे सोसणे आणि भाकरीमागचे जगणे व्यंजनेने, म्हणजे मुख्य अर्थ कायम ठेवून होणाऱ्या सूचनेने, कळते. तरी भागातून पूर्णाकडे जाण्याची वाचकाची वाट इथेही तीच आहे. माझ्या मते कवितेतील सर्वांत टिकाऊ उदाहरणे याच जातीची असतात, कारण वस्तू आधी वस्तू म्हणून पटते आणि मोठा अर्थ नंतर, न मागता, मिळतो.

मुकुटाबद्दल जेम्स शर्ली यांची 1659 साली छापलेली इंग्रजी कविता पाहावी. मृत्यूपुढे राजदंड आणि मुकुट कोसळतात आणि गरिबाच्या विळा-फावड्यांशी धुळीत समान होतात, असे तिच्यात म्हटले आहे. राजा आणि शेतकरी अशी नावे घेतली असती तर दोन माणसे समोर आली असती. वस्तू घेतल्याने दर्जा तेवढा दिसतो, आणि तो हातातून गळून पडू शकतो हेही दिसते. मुकुट एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जाणारी वस्तू आहे, म्हणून तो व्यक्तीपेक्षा पदाचा बोध करून देतो. राजाच्या एकाकीपणाबद्दल लिहायचे असेल तर मुकुट एकटा पुरत नाही.

चुलीच्या बाबतीत टॉमस ग्रे यांची 1751 सालची विलापिका उपयोगी आहे. गावाच्या स्मशानात पुरलेल्यांसाठी आता धगधगती चूल पेटणार नाही, असे कवी म्हणतो आणि लगेच संध्याकाळच्या कामात गुंतलेली गृहिणी आणि बापाच्या येण्याची बातमी बोबड्या बोलांत सांगत धावणारी मुले आणतो. भाग सांगून तो थांबत नाही. त्यातले पूर्ण स्वतःच उलगडतो. त्यामुळे परक्या वाचकालाही चुलीचा अर्थ शोधत बसावे लागत नाही.

या रीती फसतात त्या बहुधा दोन कारणांनी. एक, रूढीने अर्थ इतका गुळगुळीत होतो की वस्तू दिसेनाशी होते. ‘कामाला हात कमी पडले’ या वाक्यात कोणाला हात दिसत नाही. कवीला तो पुन्हा दिसायला हवा असेल तर त्याला चटका, घट्टे, गहाण असे हाताला साजेसे काहीतरी द्यावे लागते. दोन, क्रियापद भागाला झेपत नाही. ‘हातांनी हाक दिली’ म्हटले की हात आणि माणूस दोन्ही धूसर होतात. शिवाय कोणताही भाग कोणत्याही पूर्णासाठी चालतो असे नाही. क्विंटिलियन या रोमन वक्तृत्वशास्त्रज्ञाने पहिल्या शतकातच नोंदवले आहे की तलवारीसाठी ‘टोक’ आणि घरासाठी ‘छप्पर’ गद्यातही चालते, पण जहाजासाठी त्याचा मागचा भाग सांगणे गद्याला मानवत नाही. ती मुभा कवींना आहे.