श्मिट ट्रिगर

बदलत्या व्होल्टेजचे ‘चालू’ किंवा ‘बंद’ अशा स्पष्ट निर्णयात रूपांतर करणारे मंडल. त्याला एकाऐवजी दोन उंबरठे असतात. चढताना वरचा उंबरठा ओलांडावा लागतो आणि उतरताना खालचा. मधल्या पट्ट्यात आउटपुट आधीच्या स्थितीतच राहते. या गुणधर्माला हिस्टेरिसिस म्हणतात. अमेरिकन शास्त्रज्ञ ऑटो श्मिट यांनी 1934 मध्ये विद्यार्थिदशेत हे मंडल निर्वात नळ्या वापरून बनवले आणि 1938 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले.

दोन व्होल्टेजची तुलना करणाऱ्या साध्या कम्पॅरेटरला एकच उंबरठा असतो. सिग्नल त्याच्या जवळ रेंगाळला की त्यावरचा गोंगाट उंबरठा पुनःपुन्हा ओलांडतो. नाशिक जिल्ह्यात दिंडोरीकडच्या पॉलिहाऊसमध्ये तापमानावर पंखा चालवताना हे लगेच दिसते. तापमान वाढले की रोध कमी होणाऱ्या थर्मिस्टरची लांब वायर मोटरच्या केबलबरोबर एकाच पाइपातून आणलेली असते, त्यामुळे तिच्यात 50 हर्ट्झचा गोंगाट शिरतो. मग संध्याकाळी तापमान हळूहळू उतरताना रिले फडफडतो आणि कॉन्टॅक्टरचे पॉइंट जळतात.

यासाठी 5 व्होल्टवर चालणारी एलएम393 ही कम्पॅरेटर चिप घेऊ. 25 अंशांना 10 किलोओहम असलेला थर्मिस्टर जमिनीकडे आणि 10 किलोओहमचा रोध पुरवठ्याकडे जोडून मधला बिंदू ऋण इनपुटला द्यावा. धन इनपुटवर R1 पुरवठ्याकडून, R2 जमिनीकडे आणि R3 आउटपुटकडून येतो. या चिपचे आउटपुट ओपन कलेक्टर असल्याने त्याला पुरवठ्याकडे 4.7 किलोओहमचा पुल-अप हवाच. तो नसेल तर आउटपुट वर जातच नाही. R1 आणि R2 समान ठेवले की पट्टा पुरवठ्याच्या निम्म्यावर येतो. आउटपुट पूर्ण 0 ते 5 व्होल्ट फिरते असे धरले तर पट्ट्याची रुंदी Vh अशी, त्यात Vcc म्हणजे पुरवठा:

```
Rp = R1*R2/(R1+R2)
Vh = Vcc * Rp/(Rp+R3)
```

स्कोपवर गोंगाट टोकापासून टोकापर्यंत 150 मिलिव्होल्ट दिसला असे समजू. पट्टा त्याच्या किमान दीडपट, म्हणजे 225 मिलिव्होल्ट हवा. R1 = R2 = 10 किलोओहम असताना Rp 5 किलोओहम येतो. R3 100 किलोओहम घेतल्यास रुंदी 238 मिलिव्होल्ट होते आणि उंबरठे सुमारे 2.38 व 2.62 व्होल्टवर येतात. थर्मिस्टर आणि उंबरठे एकाच पुरवठ्यावर असल्याने पुरवठा थोडा हलला तरी गुणोत्तर टिकते.

पण रुंद पट्ट्याची किंमत तापमानात मोजावी लागते. बीटा 3950 असलेला हा थर्मिस्टर 25 अंशांच्या आसपास दर अंशाला सुमारे 56 मिलिव्होल्ट देतो. म्हणून पंखा 27.2 अंशांना सुरू होईल आणि थेट 22.9 अंशांना बंद होईल. पॉलिहाऊसमधल्या गुलाबाला एवढा झोका चालत नसेल तर R3 बदलण्याआधी गोंगाट कमी करावा. थर्मिस्टरच्या बिंदूपासून जमिनीला 10 मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावला की थर्मिस्टर आणि 10 किलोओहमचा रोध यांच्या समांतर 5 किलोओहमशी मिळून 50 मिलिसेकंदांचा फिल्टर तयार होतो आणि 50 हर्ट्झचा गोंगाट जवळपास 10 मिलिव्होल्टवर येतो. आता R3 470 किलोओहम केला तरी 53 मिलिव्होल्टचा पट्टा उरतो. तो गोंगाटाच्या पाचपट आहे आणि तापमानात जेमतेम एक अंश. कॅपॅसिटर धन इनपुटवर मात्र लावू नये. तिथे तो फीडबॅकलाच उशीर करतो, आणि ज्या क्षणी पट्टा हवा त्याच क्षणी तो जागेवर नसतो.

सर्वांत जास्त फसवणारा दोष रिलेच्या बाजूने येतो. 100 किलोओहमच्याच मांडणीत आउटपुटवरून 4.7 किलोओहममार्गे ट्रान्झिस्टरचा बेस जोडला, तर पुल-अप आणि बेसचा रोध यांच्यात व्होल्टेज विभागले जाते. ‘वर’ची पातळी 5 ऐवजी 2.85 व्होल्टच राहते. वरचा उंबरठा 2.52 व्होल्टवर घसरतो आणि पट्टा 135 मिलिव्होल्टच्या आसपास येतो, म्हणजे मूळ गोंगाटापेक्षाही अरुंद. गणित बरोबर असूनही रिले फडफडत राहतो, आणि कारागीर चिप बदलत बसतो. ट्रान्झिस्टरऐवजी 5 व्होल्टवर पूर्ण उघडणारा लॉजिक लेव्हल मॉस्फेट घ्यावा; त्याचे गेट स्थिर प्रवाह घेत नाही. रिलेच्या कॉइलवरचा उलटा डायोड दोन्ही मांडण्यांत हवाच.

तपासणी सोपी आहे. थर्मिस्टरच्या जागी 20 किलोओहमचा पॉट लावून मल्टिमीटर धन इनपुटवर, म्हणजे पिन 3 वर ठेवावा आणि पॉट हळूहळू फिरवावा. R3 100 किलोओहम असताना वाचन 2.38 आणि 2.62 यांच्यात उडी घेत असेल तर मांडणी बरोबर आहे. वरचे वाचन कमी आले तर आउटपुटवर भार आहे. वाचन हललेच नाही, पण आउटपुट बदलत असेल, तर R3 चा टाका सुटला आहे.