आठ फुटांवरून वाचून बघा

समजा, गुहागर तालुक्यातल्या एका मेडिकलने ज्येष्ठ नागरिकांसाठी व्हॉट्सअॅपवर पोस्ट केली. वर दुकानाचं नाव, खाली हसरे आजी-आजोबा, औषधं घरपोच, तपासणीचं पॅकेज, सोळा तपासण्यांची यादी आणि तळाला बारीक अक्षरात 'अटी लागू'. दुकानातल्या कॉम्प्युटरवर ती छान दिसते. अक्षर चांगलं १४ पॉइंटचं आहे, म्हणजे पुस्तकापेक्षाही मोठं. पण ती वाचली जाणार आहे पाऊस कोसळत असताना, लाईट गेलेल्या माजघरात, मोतीबिंदू पिकत आलेल्या डोळ्यांनी आणि तळहाताएवढ्या फोनवर.

पोस्ट ए-फोर कागदाच्या मापावर केलेली, म्हणजे २१० मिलिमीटर रुंद. साध्या फोनचा पडदा असतो ६८ मिलिमीटरच्या आसपास. तिथे पोचेपर्यंत सगळं एक तृतीयांश होतं. १४ पॉइंटच्या 'क'ची शिरोरेषेपासून पायापर्यंतची उंची कागदावर साधारण तीन मिलिमीटर भरते. फोनवर उरते जेमतेम एक. चॅटमध्ये चित्रावर बोट ठेवून ते उघडलं नाही, तर त्याहूनही कमी.

आता डोळ्याची बाजू. नेत्रतपासणीत निरोगी डोळा म्हणजे ६/६. अशा डोळ्याला चाळीस सेंटिमीटरवरचं सुमारे ०.६ मिलिमीटर उंचीचं अक्षर कसंबसं ओळखता येतं. नजर ६/१८ असेल, तर जे इतरांना अठरा मीटरवरून दिसतं ते त्या माणसाला सहा मीटरवरून दिसतं. त्याचं अक्षर तिप्पट हवं, म्हणजे पावणेदोन मिलिमीटर. हीही फक्त ओळखण्याची सीमा झाली. न अडखळता वाचायचं तर त्याच्या दुप्पट, साडेतीन मिलिमीटर धरावं. आपल्या पोस्टमध्ये आहे एक.

देवनागरीत अडचण आणखी वाढते. ही मापं ठरली ती तक्त्यावरच्या साध्या, मोकळ्या अक्षरांवर. आपल्याकडे 'ष्ट्य'सारखं जोडाक्षर तेवढ्याच जागेत तीन अक्षरं कोंबतं, आणि अर्थ कधी कधी एका अनुस्वारावर किंवा रफारावर टेकलेला असतो. पिंपळपानासारखे नक्षीदार फॉन्ट दुकानाच्या पाटीवर शोभतात, पण इथे नकोत. साधा, सारख्या जाडीचा आणि मध्यम ठळक फॉन्ट घ्यावा. फार ठळक केला की 'घ' आणि 'ध'मधली पोकळी बुजते.

साडेतीन मिलिमीटरचा हिशोब धरला की बाकीचं आपोआप ठरतं. एका अक्षराला आजूबाजूच्या जागेसह चार मिलिमीटर लागले, तर कडा सोडून एका ओळीत पंधरा अक्षरं बसतात. वर वेलांटी, खाली उकार, म्हणून ओळीला आठ मिलिमीटर उंची द्यावी लागते. चौकोनी पोस्टमध्ये सात-आठ ओळी झाल्या. म्हणजे सगळे मिळून वीस-पंचवीस शब्द. सोळा तपासण्यांची यादी यात बसणार नाही, आणि हसऱ्या आजी-आजोबांनाही जागा नाही. (ते बहुतेक कोणत्या तरी परदेशी फोटोतले असतात, त्यामुळे फारसं बिघडत नाही.) चित्र १०८० पिक्सेल रुंदीचं असेल, तर अक्षराची उंची ५५-६० पिक्सेल ठेवली की हे माप येतं.

रंगाचं गणित वेगळं. वय वाढतं तशी बाहुली लहान होते, डोळ्यातलं भिंग दाट आणि पिवळसर होतं. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्याच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. पिवळं भिंग निळा प्रकाश अडवतं, म्हणून गडद निळं काळ्यासारखं दिसतं आणि फिकट पिवळं पांढऱ्यात मिसळून जातं. दोन रंगांच्या उजेडातला फरक मोजायचं एक गुणोत्तर आहे. काळ्या-पांढऱ्याला ते २१ येतं. वेबसाइटच्या सुलभतेच्या नियमांत साध्या मजकुरासाठी किमान ४.५ मागितलेलं आहे. मेडिकलवाल्यांच्या आवडीचा व्हॉट्सअॅपसारखा हिरवा आणि त्यावर पांढरी अक्षरं, हे जेमतेम २ भरतं. मोबाईलच्या फोटो-एडिटरमध्ये पोस्ट काळी-पांढरी करून बघा. अक्षरं पार्श्वभूमीत विरली तर रंग बदला.

आता मजकूर. अशा पोस्टमध्ये सर्वांत महत्त्वाची ओळ नेमकी सर्वांत बारीक असते, ती म्हणजे उपाशीपोटी यायची. उपाशीपोटीच्या साखरेसाठी निदान आठ तास पोटात पाण्याखेरीज काही जायला नको. ओळ वाचलीच गेली नाही तर काय होतं ते रक्त घ्यायला आलेल्या मुलाला ठाऊक असतं.

"काकू, काही खाल्लंत का?"

"नाय रे बाबा, नुसती कोरी चाय."

कोरी, पण दोन चमचे साखर घातलेली. रिपोर्टवर उपाशीपोटीचा आकडा १२६ च्या पुढे गेला की मधुमेहाची शंका येते, आणि इथे तो चहाने ढकललेला असू शकतो. पुन्हा फेरी, पुन्हा सुई. उलट धोका जास्त वाईट: आजोबा उपाशी राहिले, पण सवयीने सकाळची साखरेची गोळी घेतली किंवा इन्सुलिन टोचलं, तर साखर घसरून घेरी येऊ शकते.

म्हणून घरपोच औषधं आणि तपासणी यांच्या दोन वेगळ्या पोस्ट हव्यात. तपासणीची अशी:

रक्त तपासणी घरी
सोमवार, १० ऑगस्ट
सकाळी ७ वाजता
रात्री १० नंतर
फक्त पाणी
साखरेचं औषध?
आधी फोन करा

'रात्री १० नंतर जेवू नका' असं लिहिलं आणि 'नका' पुढच्या ओळीत गेलं, तर वरची ओळ उलटं सांगते. 'फक्त पाणी'ला ही भीती नाही. तारीख वारासह पूर्ण हवी, कारण ही पोस्ट मुंबईतल्या मुलाकडून चार दिवसांनी फॉरवर्ड होऊन गावी परत येते, आणि नुसतं 'येत्या सोमवारी' तेव्हा खोटं ठरतं. कोणत्या तपासण्या, पैसे किती, घरपोच औषधासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते, हे सगळं फोनवर सांगता येतं.

फोन नंबर चित्रात टाकला तरी खाली मेसेज म्हणून टाइप करायलाच हवा. आजीने सेटिंगमध्ये अक्षर मोठं केलेलं असलं, तर टाइप केलेला मजकूर मोठा होतो, चित्रातला होत नाही. फोन वाचून दाखवत असेल तर त्यालाही टाइप केलेलंच सहज वाचता येतं. शिवाय त्या नंबरवर बोट ठेवलं की तिथूनच फोन लावता येतो. चित्रातल्या नंबरात इंग्रजी अंक घ्या, डायल करायच्या बटणांवर तेच असतात, आणि धूसर झालेल्या चित्रात १ आणि ९ एकसारखे दिसतात.

तपासायला नेत्रतज्ज्ञ नको. पोस्ट फोनवर उघडा, उजेड अर्ध्यावर आणा, फोन काउंटरवर उभा करा. चांगल्या नजरेच्या माणसाने चार फूट मागे जावं. तिथून त्याला दिसतं साधारण तेच ६/१८ वाल्याला हातातल्या फोनवर दिसतं. आठ फुटांवरूनही जेमतेम वाचता आलं, तर त्या वाचकाला ते सुखाने वाचता येईल.

ही युक्ती मोतीबिंदूची चमक दाखवत नाही. पिकत्या भिंगात प्रकाश पसरतो, आणि काहींना पांढऱ्या पोस्टवर सगळंच धुक्यासारखं होतं. त्यांना काळ्यावर पांढरी अक्षरं बरी पडतात. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलेला असेल, तर नजर रोखावी तिथेच डाग येतो आणि अक्षर कितीही मोठं केलं तरी फार उपयोग होत नाही. अशांसाठी हाच मजकूर वीस सेकंदांच्या व्हॉइस मेसेजमध्ये, सावकाश, नंबर दोनदा सांगून पाठवावा.